आमाले पुस्तक देते कोन जी?

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती,
मुख्याध्यापक व सर्व शिक्षक,
सरपंच व ग्रामपंचायत सदस्य,
यांस सप्रेम नमस्कार.

जानेवारीत शाळेच्या स्नेहसंमेलनाला तुम्ही मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं होतं. पटांगणात मंडप होता. पुढे सतरंज्यांवर पोरं बसली होती, मागे आयाबाया, आणि त्यांच्याही मागे मोटारसायकलींवर बसून ऐकणारी माणसं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात मी ३१ वर्षं ग्रंथपाल होते, म्हणून विषयही तुम्हीच सुचवला: पाठ्यपुस्तकाबाहेरचं वाचन. मी वीस मिनिटं बोलले. रोज दहा पानं वाचा, गोष्टी वाचा, प्रवास वाचा, विज्ञान वाचा, परीक्षेत येणार नाही तेही वाचा, असं सगळं सांगितलं. टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं, मग पोरांचे नाच सुरू झाले.

मी निघायला लागले तेव्हा नाचाच्या लुगड्यातली एक मुलगी मंडपाच्या बांबूपाशी थांबलेली होती. सातवीतली. ती म्हणाली, "मॅडम, तुमी वाचाले सांगतलं. पन आमाले पुस्तक देते कोन जी?"

त्या भाषणात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ते द्यायला हे पत्र लिहिते आहे. उन्हामुळे आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे अजून थोडे दिवस हातात आहेत. सत्रातली समितीची पहिली सभा व्हायच्या आत हे तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून घाई.

त्याच संध्याकाळी मी मुख्याध्यापक सरांना विचारलं, शाळेत पुस्तकं आहेत का? सरांनी काही लपवलं नाही. ऑफिसमधलं लोखंडी कपाट उघडून दाखवलं. तीनशेच्या वर पुस्तकं निघाली. बरीचशी आली तशीच सुतळीनं बांधलेली, प्रत्येकावर शिक्का, प्रत्येकाचा क्रमांक दाखल नोंदवहीत नीट उतरवलेला. देवघेव नोंदवही मात्र कोरी होती. खालच्या कप्प्यात वाळवीनं सुरुवात केली होती.

सर म्हणाले, "मॅडम, चार्ज माझ्याकडे आहे. बदली झाली की एक-एक पुस्तक मोजून द्यावं लागतं. हरवलं तर भरून कोण देणार?"

मला सरांचा राग आला नाही आणि कोणी त्यांना दोष देऊ नये. मीही आयुष्यभर चार्जखाली काम केलं आहे. कपाट बंद राहतं ते शिक्षकाला वाचनाचं प्रेम नसतं म्हणून नाही, तर हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्याला एकट्यालाच द्यावा लागतो म्हणून. वाळवीनं खाल्लेल्या पुस्तकाचा जाब कुणी विचारत नाही आणि पोरानं हरवलेल्या पुस्तकाचा विचारतात, असा हिशोब असेल तर शहाणा माणूस कुलूपच लावेल.

आमच्या ग्रंथालयशास्त्राची सुरुवातच या कुलपापासून होते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला एवढाच आहे की ग्रंथ वापरासाठी आहेत. हे वेगळं सांगायची वेळ का आली, तर युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांमध्ये पुस्तकं फळीला साखळीनं बांधून ठेवत. ग्रंथालयाचं काम राखण्याचं समजलं जाई, देण्याचं नाही. आपल्याकडे साखळी नाही, गोदरेजचं कुलूप आहे. पण बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टीच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. पुस्तकं आली, शिक्के पडले, म्हणजे अर्धं काम झालंच आहे.

उरलेलं अर्धं कसं होईल ते पाहायला मी सरांच्या परवानगीनं फेब्रुवारी ते एप्रिल अकरा शनिवार शाळेत आले. कपाटाला हात लावला नाही. माझ्या घरची आणि ओळखीतून जमवलेली ४८ पुस्तकं पिशवीत घालून आणली. चौथी ते सातवीची पटावरची ६२ मुलं. या अकरा शनिवारांत जे दिसलं ते जरा सविस्तर सांगते, कारण भाषणात मी जे गृहीत धरलं होतं ते त्यातलं पुष्कळसं चुकीचं निघालं.

मी गृहीत धरलं होतं की सातवीच्या पोरांना वाचता येतं आणि ती फक्त आळसानं वाचत नाहीत. पहिल्याच शनिवारी त्या मुलीला तिच्या मराठीच्या पुस्तकातला झालेला धडा वाचायला दिला. खडखडीत वाचला. मग मी त्या पानाच्या वरच्या भागावर एक पोस्टकार्ड ठेवलं आणि खालची चौथी ओळ वाच म्हटलं. ती थांबली. ओठ हलायला लागले. मग म्हणाली, "वरून धरून म्हनू का जी?"

वरून धरून म्हणजे परिच्छेदाच्या सुरुवातीपासून. तिला ती ओळ दिसत होती, पण वाचून तिथे पोचता येत नव्हतं. म्हणत म्हणत पोचता येत होतं. धडा वर्गात इतक्यांदा ऐकलेला की तो पाठ झाला होता, आणि डोळे अक्षरांवरून नुसते फिरत होते. शिक्षकांनी हे करून पाहावं. कार्ड ठेवा, मधलीच ओळ द्या. जी मुलं मनातल्या मनात मागे जाऊन पुन्हा निघतात, ती वाचत नाहीत, आठवतात. तेव्हा केवळ पाठ्यपुस्तकावरून मुलाला वाचता येतं की नाही ते कळतच नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाच्या उद्दिष्टांमध्ये म्हणूनच अनोळखी मजकुरावर भर आहे: तिसरीच्या अखेरीस मुलानं वयाला साजेसा अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या वेगानं, अर्थ समजून वाचावा.

मग मी तिला कधी न पाहिलेलं सोळा पानांचं एक पातळ पुस्तक दिलं आणि घड्याळ लावलं. मिनिटात ३४ शब्द झाले. पहिल्याच पानावर सात ठिकाणी अडली. 'आश्चर्य', 'प्रवाह', 'उत्सुक' असे शब्द. बोट प्रत्येक अक्षरावर, आवाज सरळ एका पट्टीत, पूर्णविरामाला थांबणं नाही. वाचून झाल्यावर विचारलं, नदीपाशी कोण गेलं होतं? सांगता आलं नाही. त्यात तिचा दोष नाही. सगळा जीव अक्षरं जुळवण्यातच गेला तर गोष्ट धरून ठेवायला मन मोकळं उरत नाही. अशा मुलीला मी मंडपात उभी राहून सांगत होते की प्रवासवर्णनं वाच.

हुशार शिक्षकांचीही गफलत होते ती इथे. सातवीची म्हणून तिच्या हातात सातवीचं पुस्तक देतात. ती दोन पानांत थकते आणि आपल्याला वाचनाची आवड नाही असं स्वतःच ठरवून टाकते. पुस्तक इयत्तेला नाही, वाचण्याला जुळलं पाहिजे. त्यासाठी आम्ही वाचनालयात पाच बोटांची एक सोपी रीत वापरायचो. मुलानं मधलं कुठलंही पान उघडावं, वाचायला लागावं आणि ज्या शब्दाशी अडेल त्याला एक बोट मिटावं. पान संपेपर्यंत एखादंच बोट मिटलं तर पुस्तक सोपं आहे. दोन-तीन मिटली तर बरोबर जमेल. पाचही मिटून मूठ झाली तर ते पुस्तक आज नको, दिवाळीनंतर बघू. ही रीत मुलाच्या हातात असते, त्याला कुणापाशी जाऊन 'मला येत नाही' म्हणावं लागत नाही.

पण तिची मूठ न होणारं पुस्तक म्हणजे दुसरीच्या पोराचं पुस्तक. ते सातवीच्या पोरीनं सगळ्यांदेखत हातात घ्यायचं कसं? दुसऱ्या शनिवारी ती पिशवीपाशी आली, पातळ पुस्तकांकडे पाहिलं आणि जाड पुस्तक उचलून घेऊन गेली. तिसऱ्या शनिवारी ते न वाचता परत आलं. तेव्हा मी विचारलं, घरी लहान कोण आहे? म्हणाली, भाऊ आहे, पहिलीत. मग त्याला वाचून दाखवायला तीन पुस्तकं ने म्हटलं. तिनं अगदी उजळ माथ्यानं तीन पातळ पुस्तकं निवडली.

भावाला एका गोष्टीतलं माकड आवडलं. त्यानं ती रोज वाचायला लावली. पुढच्या शनिवारी ती तेच पुस्तक पुन्हा मागायला लागली तर मागे उभी असलेली मुलं हसली आणि एक शिक्षक म्हणाले, आता दुसरं घे ना बाई. मी त्या शिक्षकांना बाजूला बोलावून विनंती केली की असं म्हणू नका. तेच पुस्तक चार वेळा वाचणं हा वेळेचा अपव्यय नाही. पहिल्या वेळी शब्द फोडावे लागतात, दुसऱ्या वेळी ओळखीचे वाटतात, तिसऱ्या वेळी वाक्याला चाल येते आणि चौथ्या वेळी वाचणारा माकडाचा आवाज काढतो. आवाज काढायला लागलं की समजावं, अर्थ पोचला. धडा ऐकून पाठ होतो त्यापेक्षा हे निराळं आहे, कारण इथे प्रत्येक वेळी डोळे अक्षरांवर असतात आणि सांगायला समोर दुसरं कुणी नसतं.

अकराव्या शनिवारी मी तिला पुन्हा एक न पाहिलेलं पान दिलं. मिनिटात ५८ शब्द. अडली दोनदा. तिसरीच्या अखेरचं उद्दिष्ट ती सातवीच्या अखेरीस जवळजवळ गाठत होती, हे मला विसरता येत नाही आणि तुम्हीही विसरू नये. पण तिला काय घडलं ते सांगता आलं, आणि "हे पुस्तक अर्ध्यात सोडलं, त्यातली बाई उगाच रडते" असंही म्हणाली. पुस्तक नावडलं म्हणून सोडता येतं, हे ज्याला कळलं तो वाचक झाला.

सगळ्यांचं असं झालं नाही. पाचवीतला एक मुलगा अकरा शनिवार पुस्तकं नेत राहिला, चित्रं पाहून परत आणत राहिला. त्याला काना-मात्रा पक्क्या येत नव्हत्या, जोडाक्षरं तर नाहीच. अशा मुलाला पुस्तक दिल्यानं आवड टिकते, पण वाचता येत नाही. त्याला रोज अर्धा तास कुणीतरी बसून अक्षरं शिकवायलाच हवीत. ते काम दोरीवर टांगलेली पुस्तकं करणार नाहीत. तांड्यावरची आणि पोडावरची काही मुलं मार्चच्या अखेरीस आईबापाबरोबर मोहफुलं वेचायला जाऊ लागली आणि त्यांचे तीन-चार शनिवार गेले. त्यांच्यापाशी पुस्तकं घरीच राहू दिली. सगळी परत आली.

आता एक गोष्ट शिक्षकांना, अगदी मनापासून. वाचताना पोरगं 'मला' लिहिलेलं असताना 'मले' वाचतं, 'आहे'चं 'हाय' करतं. तिथे त्याला थांबवू नका. ही वाचनाची चूक नाही. त्यानं छापलेला शब्द ओळखला, अर्थ घेतला आणि आपल्या घरच्या बोलीत म्हटला; तसं करायला समजावंच लागतं. 'घर'चं 'घार' झालं तर थांबवा, कारण तिथे अर्थ मोडला आणि पोराला तो मोडलेला कळला नाही. मी एका वर्गाबाहेर उभी होते तेव्हा एका ओळीत तीन वेळा 'मले नाही, मला' ऐकलं. चौथ्या शब्दाला तो पोरगा गोष्ट विसरून गुरुजींच्या तोंडाकडे पाहायला लागला. प्रमाण मराठी लिहिताना शिकवू, त्याला वेगळा तास आहे. ज्यांच्या घरी गोरमाटी किंवा कोलामी बोलतात, त्यांना तर पाठ्यपुस्तकातली मराठी हीच नवी भाषा. त्यांच्यासाठी चित्रांची पुस्तकं लहान मुलांची म्हणून बाजूला टाकू नयेत, सातवीतही नाही.

सहाव्या शनिवारी मी मुलांना सांगितलं, घरात जिथे जिथे मराठी अक्षरं छापलेली आहेत ते घेऊन या. पोरांनी ग्रामगीता आणली, कॅलेंडर आणलं, कृषी विभागाची घडीपत्रकं आणली. आणि एकानं फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा आणला. तो मी आधी शाळेबाहेर ठेवायला लावला, पोराचे हात साबणानं धुवून घेतले आणि सगळ्यांना बजावलं की डब्याला हात लावायचा नाही. मी आधी नीट सांगायला हवं होतं. पण सोबत आलेली माहितीची घडी कोरडी, वेगळी होती. ती फळ्याशेजारी लावून आम्ही वाचली. त्यावर तिरक्या चौकोनात रंग असतो: तांबडा सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. अक्षरं बारीक, शब्द अवघड. 'संरक्षक कपडे', 'वाऱ्याच्या दिशेने', 'उलटी झाल्यास'. पोरं एकदम गप्प झाली. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते त्यांच्या घरांतून बोललं जातं. त्या दिवशी ती घडी वाचायला सगळ्यात पुढे होता तो मुलगा, जो गोष्टीची पुस्तकं नकोच म्हणत होता. त्याला गोष्ट नको होती, खरं काहीतरी हवं होतं. त्याच्यासाठी पुढे किडींवरचं, विहिरींवरचं, ट्रॅक्टर कसा चालतो त्यावरचं असं शोधत गेले. वाचनाची आवड म्हणजे कथांचीच आवड, हा आम्हा ग्रंथपालांचा जुना हट्ट आहे.

शाळेतलं कपाटही मी एप्रिलमध्ये सरांबरोबर बसून चाळलं. तीनशेत चौथी-पाचवीच्या मुलाला एकट्यानं वाचता येतील अशी चाळीसच्या आसपास निघाली. उरलेली थोरांची जाड चरित्रं, सामान्यज्ञान, स्पर्धा परीक्षेची मार्गदर्शकं आणि भाषणांचे संग्रह. यातली कित्येक पाहुण्यांनी 'पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक' म्हणून दिलेली आहेत. हेतू चांगला असतो, पण देणारा मोठ्यांच्या आवडीचं पुस्तक देतो आणि ते मुलांच्या कपाटात जाऊन बसतं. ज्यांना शाळेला पुस्तक द्यायचं असेल त्यांनी पातळ, चित्रांचं, मोठ्या टायपाचं द्यावं आणि एक जाड देण्याऐवजी सहा पातळ द्यावीत.

आणखी पुस्तकं कुठून आणायची याला उत्तरं आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची मराठी पुस्तकं स्वस्त असतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. शाळेच्या प्रिंटरवर महिन्याला एक गोष्ट छापून स्टेपल केली तरी वर्षाला दहा पुस्तकं होतात. तालुक्याच्या वाचनालयातून शाळेच्या नावावर पेटी मागता येईल का, ते मी स्वतः बोलून ठरवते. तो भार तुमच्यावर नको.

तुम्ही करायचं ते मुख्यतः भीती काढण्याचं.

माझ्या देवघेव वहीत अकरा शनिवारांच्या ४१२ नोंदी झाल्या. एक पुस्तक हरवलं, तीन फाटली. फाटलेली तीन मुलांनीच खळ लावून चिकटवली. केंद्र सरकारच्या ग्रंथालयांसाठी सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये एक तरतूद आहे, ती आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली, तर ते नुकसान वाजवी समजावं; मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा, आणि हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मिळ पुस्तक असेल तर चौकशी करावीच. हा नियम जिल्हा परिषदेच्या शाळेला जसाच्या तसा लागू होत नाही. पण सरकारच मान्य करतं की वापरलं तर थोडं हरवणारच, आणि ते मोजायचं ते कपाटातल्या पुस्तकांवर नाही, तर देवघेवीवर. म्हणजे जो शिक्षक जास्त पुस्तकं देईल त्याला जास्त सूट. आपल्या ६२ मुलांनी आठवड्याला एक याप्रमाणे तीस आठवडे पुस्तकं नेली तर १८६० नोंदी होतील. पाचाच्या हिशोबानं वर्षाला नऊ पुस्तकं हरवली तरी ते वाजवी. आणि आपल्याकडची पुस्तकं बहुतेक शंभराच्या आतली आहेत.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. म्हणून ही गोष्ट सरांच्या एकट्याच्या सहीवर न ठेवता समितीनं आपल्या अंगावर घ्यावी. पहिल्या सभेत असा ठराव करावा असं मी सुचवते. शब्द तुम्ही बदला:

"शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके विद्यार्थ्यांना घरी वाचण्यासाठी दिली जातील. प्रामाणिक वापरात हरवलेल्या किंवा फाटलेल्या पुस्तकांची, दर हजार देवघेवींमागे पाचपर्यंत, शिक्षकांकडून अथवा विद्यार्थ्यांकडून वसुली केली जाऊ नये, अशी समितीची शिफारस आहे. अशा पुस्तकांची यादी दरवर्षी एप्रिलच्या सभेत ठेवून निर्लेखनाचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडे पाठवला जाईल."

सरांना बदलीच्या वेळी हा कागद फाइलला लावता येईल. अंतिम मंजुरी वरूनच लागेल हे मला माहीत आहे, पण समितीच्या ठरावाचा कागद हातात असणं आणि तोंडी विनवणी करणं यात फार अंतर आहे. सरपंचांना विनंती की हरवलेल्या नऊ पुस्तकांच्या बदल्यात नवी घेण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीनं उचलावी. स्नेहसंमेलनातल्या माझ्या एका शालीत आणि स्मृतिचिन्हात त्यातली बरीचशी आली असती. पुढच्या पाहुण्याला पाणी पाजा, तेवढं पुरे.

ठराव झाला की बाकीचं सोपं आहे. कपाटातली पुस्तकं तीन ढिगांत लावायची आणि पाठीवर बाजारातल्या साध्या टिकल्या चिकटवायच्या. एक टिकली म्हणजे सोपं, दोन म्हणजे मधलं, तीन म्हणजे अवघड. इयत्ता कुठेच लिहायची नाही. व्हरांड्यात दोन खांबांना मुलांच्या छातीइतक्या उंचीवर सुतळी बांधून पुस्तकं मधून उघडून टांगायची, म्हणजे मुखपृष्ठ दिसतं. लहान मुलं पाठीवरची नावं वाचून पुस्तक निवडत नाहीत, चित्र पाहून निवडतात. देवघेव वही दोन मोठ्या मुलींनी सांभाळावी. वहीत तारीख, मुलाचं नाव, पुस्तकाचा क्रमांक आणि परतीची तारीख एवढंच असावं.

पुस्तक परत आल्यावर सारांश मागू नका. मी पहिले दोन शनिवार मागितला आणि मुलं पातळातलं पातळ पुस्तक, तेही शेवटचं पान पाहून नेऊ लागली. त्याऐवजी एकच विचारावं: यातलं कुठलं पान मला दाखवशील? ज्यानं वाचलं आहे तो पान चटकन काढतो आणि बोलायला लागतो. ज्यानं वाचलं नाही तो पहिलं पान उघडतो. त्यालाही रागवायचं नाही, दुसरं पुस्तक द्यायचं.

आणि सुट्टी. या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मी पिशवी परत नेली, ही माझी चूक झाली. एप्रिल-मे-जूनच्या उन्हात दुपारी घराबाहेर पाय टाकता येत नाही, करायला काही नसतं आणि त्याच दिवसांत पुस्तकं कुलपात. मागच्या आठवड्यात बाजारात ती मुलगी आजीबरोबर भेटली. म्हणाली, माकडाचं पुस्तक भावाला तोंडपाठ झालं, आता तो पुस्तकाशिवायच सांगते. पुढच्या वर्षी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी दोऱ्या रिकाम्या झाल्या पाहिजेत, प्रत्येकाकडे चार-पाच पुस्तकं, शेजारच्याशी अदलाबदल करण्याच्या बोलीवर.

शाळा उघडल्यावरच्या पहिल्या शनिवारी सकाळी साडेसातला मी येते. टिकल्यांची पाकिटं, सुतळी आणि माझी ४७ पुस्तकं मी आणते. त्या मुलीला आणि तिच्या मैत्रिणीला वहीसाठी सांगून ठेवलं आहे, त्या येणार आहेत. कपाटाची चावी तेवढी सरांनी आणावी.

आपली,
सेवानिवृत्त ग्रंथपाल
(जानेवारीच्या स्नेहसंमेलनातली प्रमुख पाहुणी)